भागीदारी पेढीचा कर: आधी करारपत्र उघडा, मग हिशेब मांडा

भागीदारी पेढीला करमुक्त उत्पन्नाचा टप्पाच नाही. पहिल्या रुपयापासून सरळ ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर (उत्पन्न एक कोटीच्या वर गेले तर अधिभार वेगळा). म्हणून पेढीचा कर कमी करण्याचे दोन मोठे कायदेशीर मार्ग नीट वापरायला हवेत: भागीदारांच्या भांडवलावरचे व्याज आणि त्यांचे मानधन. खालचा हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यानुसार आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू असल्यामुळे पुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

पहिली पायरी: करारपत्रातले मानधनाचे कलम वाचा

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. माझ्याकडे आलेल्या एका करारपत्रात एवढेच लिहिले होते: ‘भागीदारांना परस्परसंमतीने वेळोवेळी ठरेल ते मानधन द्यावे.’ वाक्य निरुपद्रवी वाटते, पण त्यात ना रक्कम आहे ना ती काढण्याची रीत. अशा कलमावर घेतलेली वजावट तपासणीत नामंजूर होते आणि मानधनाच्या पूर्ण रकमेवर पेढीला ३० टक्के भरावे लागतात. म्हणून कार्यरत भागीदार कोण, त्यांना किती किंवा कोणत्या सूत्राने मानधन मिळेल आणि ते आपसांत कोणत्या प्रमाणात वाटले जाईल, हे स्पष्ट लिहा. व्याजाचा दरही लिहा. नुसते भांडवल घालणाऱ्या, कामात नसलेल्या भागीदाराला व्याज चालते, पण त्याच्या मानधनाची वजावट मिळत नाही.

दुसरी पायरी: व्याज वजा करा

समजा, दोन भावांचे हार्डवेअरचे दुकान आहे. दोघेही गल्ल्यावर बसतात. वर्षभर थोरल्याचे भांडवल १२ लाख आणि धाकट्याचे ८ लाख होते. व्याज व मानधन धरण्याआधीचा नफा १४,४०,००० रुपये. व्याजाची मर्यादा सरळव्याजाने वर्षाला १२ टक्के, म्हणजे थोरल्याचे १,४४,००० आणि धाकट्याचे ९६,०००. करारात १५ टक्के लिहिले असले, तरी वरचे ३ टक्के वजा होत नाहीत. व्याज वजा जाता उरले १२,००,०००. मानधनाची मर्यादा ज्यावर काढतात तो हाच पुस्तकी नफा. मानधन आधीच खर्चात टाकले असेल, तर ते परत मिळवूनच हा आकडा काढायचा. जागेचे भाडे किंवा मालमत्ता विकून झालेला भांडवली नफा मात्र यात धरायचा नाही.

तिसरी पायरी: मानधनाची मर्यादा काढा

पहिल्या ६ लाखांच्या पुस्तकी नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख, यांतली मोठी रक्कम. तोटा असला तरी ३ लाख मिळतात. त्यापुढच्या नफ्यावर ६० टक्के. आपल्या दुकानाचे ५,४०,००० अधिक ३,६०,०००, मिळून ९ लाख. ही दोघांची एकत्र मर्यादा आहे, प्रत्येकाची नव्हे. करारात याहून कमी रक्कम ठरली असेल, तर तेवढीच वजा होईल.

आता पेढीचे करपात्र उत्पन्न ३ लाख आणि कर उपकरासह ९३,६००. व्याज-मानधन घेतलेच नसते, तर हाच कर ४,४९,२८० झाला असता.

चौथी पायरी: भागीदारांच्या बाजूने पाहा

पेढीत वजा झालेले व्याज आणि मानधन भागीदाराच्या हातात धंद्याचे उत्पन्न म्हणून करपात्र होते. ते पगार नसल्यामुळे नोकरदाराची प्रमाणित वजावट त्यावर मिळत नाही. मानधन दोघांत निम्मे-निम्मे वाटले, तर व्याजासह थोरल्याचे ५,९४,००० आणि धाकट्याचे ५,४६,००० होतात. दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीतल्या सवलतीमुळे दोघांनाही कर शून्य. नफ्यातला वाटा भागीदाराला करमुक्तच असतो, कारण त्यावर पेढीने कर भरलेला असतो.

पाचवी पायरी: टीडीएस विसरू नका

१ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी लागू झाले. भागीदाराचे वर्षाचे व्याज, मानधन, बोनस, कमिशन मिळून २०,००० च्या वर गेले, की पूर्ण रकमेवर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. ‘पैसे कुठे दिलेत, फक्त भांडवल खात्यावर जमा दाखवले’ हे उत्तर चालत नाही, कारण जमानोंद झाली तरी कपात लागू होते. त्यामुळे टॅन नंबर आधीच काढून ठेवा. मार्चअखेर केलेल्या नोंदींची कपात ३० एप्रिलपर्यंत भरायची असते. वरच्या उदाहरणात थोरल्याचे ५९,४०० कापले जातील. ते त्याला आयटीआर-३ भरूनच परत मिळतील. पेढीचे विवरणपत्र मात्र आयटीआर-५.

एक अपवाद: पेढीने कलम ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवला, तर त्यातून व्याज-मानधन वेगळे वजा करता येत नाही. तो पर्याय घेण्याआधी दोन्ही रीतींनी कर काढून पाहा. करारपत्रात दुरुस्ती लागली, तर ती वर्ष सुरू होण्याआधी करून घ्या, कारण दुरुस्तीच्या आधीच्या काळासाठी मानधनाची वजावट मिळत नाही.