‘पत्र ताईने लिहिले’ आणि माझा कापलेला पाव गुण

स्पर्धा परीक्षेची तयारी करायला लागून दोन महिने झाले होते. ठाण्यात स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये रविवारी सराव पेपर असायचा. मराठी व्याकरणाचा पेपर म्हणजे आपले हक्काचे गुण, या थाटात मी बसायचे. जन्मापासून मराठी बोलतेय, मग प्रयोग ओळखायला वेळ कशाला लागेल?

त्या रविवारी प्रश्न होता: ‘पत्र ताईने लिहिले’ या वाक्याचा प्रयोग ओळखा.

माझं उत्तर होतं कर्तरी. दहा सेकंदांत गोळा काळा करून पुढे. शाळेत असताना डोक्यात बसलेलं होतं की आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. वाक्यात पहिला शब्द ‘पत्र’, म्हणजे तोच कर्ता. ‘पत्र’ नपुंसकलिंगी एकवचनी, ‘लिहिले’ही तसंच. क्रियापद कर्त्याप्रमाणे चाललं, म्हणजे कर्तरी. तर्क इतका गुळगुळीत होता की शंकेला जागाच नव्हती. उत्तरपत्रिकेत मात्र ‘कर्मणी’ होतं. मिळायचा गुण गेलाच, वर चुकीच्या उत्तराचा पाव गुण कापला गेला. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने ‘भावे’ लिहिलं होतं. तिचंही चुकलं, पण वेगळ्या कारणाने. त्याच्याकडे पुढे येतेच.

आमच्या कळव्याच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं. संध्याकाळी पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले आणि जरा तावातच म्हटलं, “बाई, उत्तरपत्रिका चुकलीय.”

त्यांनी वाक्य वाचलं आणि विचारलं, “पत्राने लिहिलं का गं?”

“म्हणजे?”

“लिहिणारं कोण? पत्र की ताई?”

सगळं त्या प्रश्नात होतं. क्रियापदातला धातू घ्यायचा, त्याला ‘णारा, णारी, णारे’ जोडायचं आणि कोण ते विचारायचं. लिही, लिहिणारी कोण? ताई. कर्ता सापडला. तो वाक्यात पहिला आहे, दुसरा आहे की क्रियापदाच्या मागे लपलाय, याच्याशी देणंघेणं नाही. मराठीत शब्दाचं काम त्याची विभक्ती सांगते. ‘ताईने’मधला ‘ने’ कुठेही गेला तरी ताईला चिकटलेलाच राहतो. म्हणून तर आपण बिनधास्त शब्द मागेपुढे करतो. पत्रावर जोर द्यायचा असेल तर पत्र पुढे आणतो: “पत्र ताईने लिहिलं, पाकीट मी चिकटवलं.” असं बोलताना आपण प्रयोग बदलत नाही, फक्त भर बदलतो.

कर्ता सापडल्यावर बाईंनी मला वहीत शब्द बदलून बघायला लावले. आधी फक्त कर्ता बदलायचा. पत्र दादाने लिहिले, पत्र मुलांनी लिहिले. क्रियापद ढिम्म हललं नाही. म्हणजे कर्तरी नाही. मग कर्ता तसाच ठेवून कर्म बदलायचं. चिठ्ठी ताईने लिहिली, लेख ताईने लिहिला, पत्रे ताईने लिहिली. क्रियापद दर वेळी कर्माच्या मागे गेलं, म्हणून कर्मणी. दोन्ही बदलून क्रियापद हललं नसतं, तर भावे.

आता मैत्रिणीची चूक. तिने कर्ता बरोबर ओळखला होता, पण ‘लिहिले’ पाहून ती फसली. भावे प्रयोगात क्रियापद नेहमी तृतीयपुरुषी नपुंसकलिंगी एकवचनी असतं, आणि ‘लिहिले’ नेमकं तसं दिसतं. पण इथे ते नपुंसकलिंगी आहे ते ‘पत्र’मुळे. पेपर काढणारे पत्र, पुस्तक, गाणे असले शब्द मुद्दाम घालतात असं माझं आपलं मत आहे. कर्म नपुंसकलिंगी एकवचनी दिसलं की थांबायचं आणि जागच्या जागी त्याला स्त्रीलिंगी करून बघायचं.

हे करताना मी आणखी एकदा आपटले, तेही सांगते. वाक्य होतं ‘बाळाला आईने झोपवले’. बाळाच्या जागी मी मुलगी ठेवली आणि म्हटलं, ‘मुलगी आईने झोपवली’. बदललं की! कर्मणी! बाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, ‘ला’ कुठे टाकलास?” शब्द बदलायचा, विभक्ती नाही. ‘मुलीला आईने झोपवले’, ‘मुलांना आईने झोपवले’. क्रियापद तसंच. हा भावे. ‘ला’ काढल्यावर मी वाक्यच दुसरं केलं होतं.

‘मी’ आणि ‘तू’ असलेल्या वाक्यांत वेगळी गंमत आहे, कारण तिथे ‘ने’ दिसतच नाही. ‘चिठ्ठी मी लिहिली’ हे कर्मणी, पण ‘गाणे मी शिकले’ हे कर्तरी. वरवर दोन्ही सारखी. ‘मी’च्या जागी ‘ताई’ ठेवा: चिठ्ठी ताईने लिहिली, पण गाणे ताई शिकली. पहिल्यात ‘ने’ आपोआप येतो, म्हणजे तिथला ‘मी’ तृतीयेतला होता. दुसऱ्यात येत नाही, आणि दादा आला तर ‘शिकला’ होतं. त्यामुळे भूतकाळ दिसला की कर्मणी ठोकून देणं हेही तितकंच धोक्याचं.

शब्दक्रमाने सगळ्यात जास्त गंडवलं ते मात्र ‘ला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांनी. आमच्या गच्चीवरून लांबवर येऊरचे डोंगर दिसतात. बाईंनी तेच वाक्य दिलं: ‘मला डोंगर दिसतो’. मी पहिला शब्द धरला: मला, म्हणजे मी कर्ता. डोंगराच्या जागी खाडी ठेवली तर ‘दिसते’ होतं, म्हणजे कर्माप्रमाणे चाललं, म्हणून कर्मणी. पद्धत बरोबर वापरली होती, पण तिची सुरुवातच चुकली होती. दिसणारा कोण? डोंगर. कर्ता डोंगर, क्रियापद त्याच्यामागे, प्रयोग कर्तरी. ‘मला कैरी आवडते’, ‘त्याला टोपी शोभते’ ही त्याच घरातली.

मी वाद घातला. बघते मी, डोंगर नुसता उभा आहे, मग कर्ता तो कसा? बाई म्हणाल्या की अनुभव तुझा आहे हे खरं, आणि भाषेचे अभ्यासक त्यावर वेगळं बोलतात, पण परीक्षेतलं व्याकरण ‘दिसणारा कोण’ असंच विचारतं. पटलं नाही पूर्ण, पण उत्तर तेच लिहिते.

पुढच्या रविवारी वाक्य आलं, ‘कविता तू छान म्हटलीस’. म्हणणारा तू. कर्म बदललं तर ‘अभंग तू छान म्हटलास’, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जातंय. पण शेवटचा तो ‘स’? तुम्ही म्हटलं की ‘म्हटलीत’ होतं, म्हणजे कर्ताही क्रियापदाला थोडा ओढतोय. दोघांची खेचाखेच, म्हणून याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. पर्यायांत कर्तरी, कर्मणी, भावे आणि कर्तृ-कर्मसंकर असे चारही होते. मी चौथा गोळा काळा केला आणि मैत्रिणीकडे पाहिलं. ती अजून वहीच्या कोपऱ्यात ‘अभंग’, ‘कविता’, ‘गाणे’ लिहून खोडत होती.