गॉथमच्या जागी मॉन्टसेराट: एका अदलाबदलीचा हिशेब

पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी नवीन लागले तेव्हाचं काम. एका कंपनीचं सोळा पानी माहितीपत्रक, इंग्रजी आणि मराठी, शिवाय तोच मजकूर वेबसाइटवर. आधीच्या डिझायनरने सगळं गॉथममध्ये केलेलं, पण फाइलबरोबर फॉन्टचं लायसन्स कुणाकडेच नव्हतं. मी किंमत काढली. छापायला एक लायसन्स, वेबसाइटला वेगळं, ॲप असेल तर आणखी वेगळं. क्लायंटचा निरोप आला, "तसाच दिसणारा फुकटचा बघा की."

तसाच म्हणजे नक्की कशाच्या तसाच, हे आधी पक्कं करावं लागतं. जुन्या पीडीएफमध्ये अॅक्रोबॅटच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये `Fonts` नावाचा टॅब असतो. तिथे `BCDEEE+Gotham-Book` अशी नावं दिसतात. अधिकच्या चिन्हाआधीची सहा अक्षरं फॉन्टची नव्हेत. पीडीएफमध्ये फॉन्टमधली फक्त वापरलेलीच अक्षरं घातली की तो तुकडा ओळखायला ती लावली जातात. वेबसाइटवर तोच शोध क्रोमच्या इन्स्पेक्टमध्ये `Computed` खाली `Rendered Fonts` पाहून लागतो. कोडमध्ये लिहिलेला फॉन्ट आणि पडद्यावर खरोखर उमटलेला फॉन्ट वेगळे असू शकतात, म्हणून उमटलेलाच बघायचा.

गॉथम 2000 साली 'जीक्यू' मासिकासाठी टोबायस फ्रेअर-जोन्स यांनी काढला, न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींवरच्या पाट्या बघून. त्याच्या जागी मी निवडलेला फुकटचा मॉन्टसेराट हुलिएता उलानोव्स्की यांचा, त्यांच्या ब्यूनोस आयर्समधल्या मॉन्टसेराट वस्तीतल्या जुन्या पाट्या आणि पोस्टरांवरून. म्हणजे ही नक्कल नव्हे. दोन शहरांतल्या एकाच काळच्या पाट्यांची ही दोन पोरं आहेत, म्हणून चेहरा जुळतो. अमेरिकेत नुसत्या अक्षराच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही, फॉन्टच्या फाइलला मिळतो. सारखे दिसणारे फॉन्ट राजरोस मिळतात आणि कुठल्यातरी साइटवरून उतरवलेली गॉथमची फुकट फाइल मात्र चोरीच ठरते, ते यामुळे.

मी फाइलमध्ये फॉन्ट बदलला आणि खूश झाले. पहिलं पान तसंच दिसत होतं. चौथ्या पानावर अठरा ओळींचा परिच्छेद एकोणीस ओळींचा झाला आणि शेवटची ओळ फोटोखाली गेली. मॉन्टसेराटची अक्षरं त्याच पॉइंटला थोडी रुंद बसतात. एका शब्दात ते दिसत नाही, परिच्छेदात साचतं. मी साइज अर्धा पॉइंट कमी केला तर ओळी जुळल्या, पण पान फिकं पडलं. शेवटी ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, किंचित आवळलं, दोन वाक्यं क्लायंटला विचारून छोटी केली, आणि दोन पानांवर फोटोच लहान केला.

इथे एक गोष्ट कळली, ती आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. "सारखा" फॉन्ट दोन प्रकारचा असतो: चेहऱ्याने सारखा आणि मापाने सारखा. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो वापरून बघा. तो लाटो या फॉन्टवरून केलाय, त्यामुळे जवळून पाहिलं तर अक्षरं वेगळी दिसतात. पण प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीएवढीच ठेवली आहे, म्हणून वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली तरी ओळी तिथेच तुटतात. एरियलसाठी लिबरेशन सॅन्स तसाच. जुन्या फाइलची मांडणी हलता कामा नये, तर मापाचा शोधा. नव्याने डिझाइन करताय आणि फक्त तो भाव हवाय, तर चेहऱ्याचा. मी चेहऱ्याचा निवडून मापाची अपेक्षा केली, चूक ती.

चेहरासुद्धा ओळखीच्या अक्षरांवर तपासायचा. मी `QJRGat` मोठ्या साइजला लिहून एकावर एक ठेवते. मॉन्टसेराटच्या क्यूची शेपटी वळणदार, जेला वर डावीकडे आडवी पट्टी. गॉथममध्ये दोन्ही सरळसाधे. कंपनीच्या मुखपृष्ठावर "QUALITY" होतं. मालकांनी प्रूफ पाहिल्या पाहिल्या विचारलं, "हा क्यू शेपटी का हलवतोय?" मी तेवढा शब्द कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत, करून शेपटी सरळ काढली. लोगोला हात लावला नाही. तो आधीपासून कर्व्हमध्ये होता, तसाच राहिला.

मराठीची अडचण वेगळीच. मॉन्टसेराटमध्ये देवनागरी नाही. तुम्ही मराठी टाइप केलं तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट घेतं, आणि डोळ्याला कुठेतरी खटकत राहतं. मी देवनागरीसाठी 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घेतला. इंडियन टाइप फाउंड्रीच्या पॉपिन्समध्ये इंग्रजी आणि देवनागरी एकत्रच मिळते, म्हणून तोही लावून पाहिला होता. पण त्याची गोल भूमिती लांब परिच्छेदात मला वाचायला जड गेली. मुक्ता आणि मॉन्टसेराटचं वजन जुळवताना फॉन्टच्या यादीतलं `Regular` हे नाव विसरा. काळेपणा डोळे बारीक करून बघा. आकार जुळवताना देवनागरीचा शिरोरेषेपासूनचा भाग इंग्रजी लहान अक्षरापेक्षा थोडा मोठा, कॅपिटलपेक्षा थोडा लहान दिसला की पुरे. ओळींमधलं अंतर मात्र मराठीत जास्तच लागतं, वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार.

वेबवर मॉन्टसेराट आधीच जोडलेला होता, त्यासोबत हे असं जमवलं:

```css
@font-face {
  font-family: "MuktaFit";
  src: url("Mukta-Regular.woff2") format("woff2");
  unicode-range: U+0900-097F, U+200C-200D;
  size-adjust: 106%;
}
body { font-family: "MuktaFit", "Montserrat", sans-serif; }
```

यात देवनागरी अक्षरांपुरताच मुक्ता वापरला जातो, बाकी मॉन्टसेराट. 106 हा माझ्या पानाचा आकडा, तुमचा तुम्ही डोळ्याने काढा.

फॉन्ट पक्का करण्याआधी मी एक वाक्य टाइप करून बघते: "दुसऱ्या ॲपमध्ये वाऱ्यावर हलणारं शाळेतलं लाल फूल." "ऱ्या"मधला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा यायला हवा. ॲच्या जागी चौकोन आला तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. आणि ल, श मराठी वळणाचे येतात की हिंदी, ते बघायचं. काही फॉन्टांत दोन्ही असतात, पण वेबपानाला `lang="mr"` दिलं नाही तर मराठी वळण निघतच नाही. आमच्या साइटवर `lang="en"` राहिलं होतं, दोन दिवस मी फॉन्टलाच शिव्या घालत होते.

लायसन्सचं शेवटी सांगते, खरं तर आधी बघायचं असतं. मॉन्टसेराट आणि मुक्ता दोन्ही एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. छापा, वेबवर ठेवा, पीडीएफमध्ये घाला, बदलासुद्धा. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही, आणि मूळ नाव राखीव असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरं नाव द्यायचं. "फ्री फॉर पर्सनल यूज" असं लिहिलेला फॉन्ट क्लायंटच्या कामात चालत नाही, कितीही जुळला तरी. फॉन्टबरोबर येणारी `OFL.txt` मी आता कामाच्या फोल्डरमध्येच ठेवते. प्रेसवाल्या काकांना ती लागत नाही, ते एवढंच म्हणतात, "कर्व्ह करून पाठव." पण सहा महिन्यांनी कंपनीतून कुणी विचारलं की हा फॉन्ट कुठून आणला, तर दाखवायला कागद असतो.