सेवापूर्तीच्या स्लाइड शोवरून आभाराचे भाषण लिहिताना या चुका टाळा

सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात सहकाऱ्यांनी तयार केलेला स्लाइड शो आधी दाखवला जातो आणि त्यानंतर सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलण्याची विनंती केली जाते. स्लाइड शोमध्ये छायाचित्रे, सनावळ्या आणि ओळी आयत्या मिळत असल्यामुळे त्या ओळी एकाखाली एक लिहून काढल्या की भाषण तयार झाले, असे अनेकांना वाटते. गेली काही वर्षे आरोग्य खात्यातील सहकाऱ्यांची अशी भाषणे मी लिहून देत आलो आहे, आणि बहुतेक भाषणे नेमकी याच ठिकाणी फसतात. येथे मी एकच उदाहरण घेतो. ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून ३१ मे २०२५ रोजी निवृत्त झालेल्या आरोग्य सहायिकेचे आहे. केंद्रात सगळे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणेन. त्यांचा स्लाइड शो २६ स्लाइडांचा होता आणि भाषणाला पाच मिनिटे मिळणार होती. त्या दिवशी एकाच मंडपात आणखी तिघांचा निरोप समारंभ होता. ज्यांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून अशी पडली, असे पुष्कळ लोक त्या पिढीत आहेत आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे रोजी अशी दाटी नेहमीच होते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ओळीतला ‘त्यांनी’ खोडून तिथे ‘मी’ लिहिणे. स्लाइडवरील ओळ दुसऱ्याने आपल्याविषयी लिहिलेली असते, म्हणून तिच्यात कौतुक शोभते. अकराव्या स्लाइडवर लिहिले होते, ‘पल्स पोलिओ १९९५ : लसीकरण मोहिमेत मोलाचा वाटा’. सिस्टरांनी वहीत त्याचे वाक्य केले होते, ‘१९९५ च्या पल्स पोलिओ मोहिमेत मी मोलाचा वाटा उचलला.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बरोबर होते, पण आभाराच्या जागी आत्मस्तुती येऊन बसली होती, आणि अशी आठ-दहा वाक्ये ओळीने आली की ऐकणारा खुर्चीत चुळबुळ करू लागतो. ही चूक ओळखायची असेल तर मसुद्यातील प्रत्येक वाक्याच्या कर्त्याखाली रेघ मारावी. निम्म्याहून अधिक रेघा ‘मी’खाली पडल्या, तर ते आभाराचे भाषण नव्हे, तो कार्याचा अहवाल आहे.

यावर पुष्कळ जण ‘माझ्याकडून थोडीफार सेवा घडली’ अशी नम्रता मध्ये घालतात. तिने काही साधत नाही, कारण वाक्याचा विषय तोच राहतो. मी सिस्टरांना एवढेच विचारले, की त्या दिवशी तुमच्या शेजारी कोण होते? त्या बराच वेळ बोलत राहिल्या आणि त्यातून हा परिच्छेद तयार झाला :

‘९ डिसेंबर १९९५. पल्स पोलिओची पहिली फेरी. आपल्या जीपच्या चालकदादांनी पहाटेच कॅरियरमध्ये बर्फाचे चारही पॅक बसवून ठेवले होते. जीप ओढ्यापाशी थांबली. पुढची वाट आमच्या अंगणवाडीताईंनी कॅरियर डोक्यावर घेऊन चालली. मी मागून फक्त नोंदवही घेऊन चालत होते. वस्तीवरचे एकही मूल त्या दिवशी सुटले नाही, ते त्या दोघांमुळे.’

प्रसंग तोच आणि सनही तोच, पण ‘मी’ नोंदवही घेऊन मागे चालू लागली आणि चालकदादा व अंगणवाडीताई पुढे आल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्या दादांकडे सगळ्यांच्या माना आपोआप वळल्या. ‘मोलाचा वाटा’ हे शब्द स्लाइडवर राहिले आणि ते तिथेच योग्य होते.

दुसरी चूक सनावळ्यांची आहे. स्लाइड शो करणारे बहुधा तरुण सहकारी असतात, हाताला लागलेल्या जुन्या छायाचित्रांवरून ते अंदाज बांधतात आणि तो अंदाज पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसला की खरा वाटू लागतो. सिस्टरांच्या पहिल्याच स्लाइडवर ‘३५ वर्षांची अखंड सेवा’ असे होते. सेवापुस्तकात रुजू दिनांक १२ ऑगस्ट १९९१ असा नोंदलेला होता. म्हणजे सेवा ३३ वर्षे आणि साडेनऊ महिन्यांची. हा फरक कुठून आला, हे शोधल्यावर कळले, की सर्वांत जुने छायाचित्र प्रशिक्षण केंद्रातले, १९९० सालचे होते आणि मोजणी तिथून झाली होती. नियुक्ती आदेशाची तारीख, प्रत्यक्ष रुजू झाल्याची तारीख आणि प्रशिक्षणाचा काळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषणात रुजू झाल्याची तारीख धरावी आणि ती सेवापुस्तकातूनच घ्यावी. व्यासपीठावर कार्यालय अधीक्षक बसलेले असतात आणि त्यांनी निवृत्तिवेतनाची कागदपत्रे नुकतीच तपासलेली असतात, त्यामुळे ही चूक सर्वांत आधी त्यांच्या लक्षात येते.

त्याहून गमतीची चूक त्या अकराव्या स्लाइडवरच होती. छायाचित्राखाली बारीक अक्षरांत ‘आशाताईंसमवेत’ असे लिहिले होते. आशा कार्यकर्त्यांची योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. १९९५ च्या छायाचित्रात आशा असणे शक्यच नाही. छायाचित्रातल्या बायका अंगणवाडी सेविका होत्या, आणि त्यांपैकी दोघी त्या दिवशी मंडपात हजर होत्या. सिस्टरांनी स्लाइडवरची ओळ विश्वासाने वाचली असती, तर ज्यांचे आभार मानायचे त्यांचीच ओळख पुसली गेली असती. म्हणून प्रत्येक छायाचित्राबाबत सन आणि माणसे एकमेकांशी जुळतात का, हे स्वतंत्रपणे पाहावे. पद, योजना किंवा इमारत त्या वर्षी अस्तित्वात होती का, एवढे विचारले तरी बहुतेक घोटाळे उघडे पडतात. चूक सापडली, तर भाषणात गुपचूप दुरुस्ती करून थांबू नये, स्लाइडही बदलून घ्यावी. नाहीतर पडदा एक सांगतो आणि माणूस दुसरे.

तिसरी चूक स्लाइडांच्या क्रमाने बोलत जाण्याची. प्रत्येक स्लाइडवर साधारण ३५ शब्द बोलायचे म्हटले, तरी २६ स्लाइडांचे ९१० शब्द होतात. माझ्या अनुभवात समारंभात माणूस मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास बोलतो, म्हणजे हे भाषण सव्वाआठ मिनिटांचे झाले. त्यात टाळ्या आणि दाटून आलेला गळा धरलेला नाही. शिवाय लोकांनी या २६ स्लाइडा नुकत्याच पाहिलेल्या असतात. पाच मिनिटांसाठी चार टप्पे पुरतात, आणि ते निवडताना माझा नियम असा, की ज्या टप्प्याविषयी स्लाइडवर नसलेले निदान एक वाक्य सांगता येते तोच घ्यावा. पुरस्काराची स्लाइड बहुधा या नियमाने गळते, कारण प्रशस्तिपत्रावर सगळेच लिहिलेले असते. सिस्टरांनी रुजू झाल्याचा दिवस, पल्स पोलिओची फेरी, पदोन्नतीनंतरची बदली आणि कोविड लसीकरणाचा पहिला दिवस, म्हणजे १६ जानेवारी २०२१, एवढेच ठेवले. कोविडच्या काळात गेलेल्या एका सहकाऱ्याची आठवण त्यांना सांगायची होती. मी ती भाषणाच्या शेवटून काढून तिसऱ्या मिनिटावर आणली आणि वाक्ये चार-पाच शब्दांची केली, कारण शेवटी आवाज अडकला तर पुढे आभार मानायचेच राहतात. मध्ये अडकला तर पाण्याचा घोट घेऊन पुढे जाता येते.

नावांची यादी ही चौथी अडचण, आणि रुसवेफुगवे येथूनच सुरू होतात. ओळींमध्ये अधिकाऱ्यांची नावे असतात, बाकीच्यांसाठी ‘सहकाऱ्यांसमवेत’ हा एकच शब्द असतो. त्या शब्दावर भाषण रचले, तर शिपाईदादा, औषध निर्माण अधिकारी, सफाई करणाऱ्या मावशी हे सगळे ‘इतर’ होतात. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा आहे. निवडलेल्या चार छायाचित्रांतील चेहऱ्यांची नावे डावीकडून उजवीकडे कागदावर लिहावीत, नाव आठवत नसेल तर फोन करून विचारावे, आणि मग प्रसंगाच्या ओघात येतील तेवढीच नावे घ्यावीत. उरलेल्यांचे आभार कामाच्या नावाने मानावेत, उदाहरणार्थ, ‘रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी दार उघडून दिवा लावणारे सगळे हात’. नावांची अर्धवट यादी वाचण्यापेक्षा हे बरे, कारण पंधरा नावे घेतली की सोळाव्याला आपण वगळलो गेलो असेच वाटते. घरच्यांचे आभार मात्र नाव घेऊनच मानावेत आणि ते शेवटाच्या जवळ ठेवावेत.

आता यंत्राच्या अडचणी, थोडक्यात. स्लाइडवरच्या ओळी उचलून आणताना पॉवरपॉइंटमधील आउटलाइन दृश्यावर विसंबू नये. त्यात फक्त आराखड्याच्या ठरलेल्या चौकटींतला मजकूर दिसतो. छायाचित्राखाली वेगळी मजकूर चौकट ओढून लिहिलेल्या ओळी तिथे येतच नाहीत. सिस्टरांच्या २६ पैकी १७ ओळी अशाच चौकटींत होत्या, त्यामुळे पहिल्या मसुद्यात अख्खी दहा वर्षे गायब झाली होती. दुसरे म्हणजे, कार्यालयातील जुन्या संगणकावर शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या ओळी मोबाइलवर चिकटवल्या की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. तो फॉन्ट मोबाइलवर टाकण्याच्या खटपटीत पडू नये. चारच टप्पे घ्यायचे असल्याने त्या ओळी युनिकोडमध्ये नव्याने टंकणे अधिक लवकर होते, आणि टंकताना चुकाही दिसतात.

भाषण चालू असताना मागे स्लाइड शो आपोआप पुन्हा सुरू होणे, हा प्रकार तर मी तीन समारंभांत पाहिला आहे; वक्ता बदलीच्या आठवणीत असतो आणि पडद्यावर लग्नातले छायाचित्र आल्याने लोक हसतात. स्लाइड शो संपताच संगणकावर बसलेल्या मुलाने कळफलकावरील `B` ही कळ दाबावी, पडदा काळा होतो आणि पुन्हा तीच कळ दाबली की स्लाइड परत येते. सिस्टरांच्या बाबतीत आम्ही एवढेच ठरवले होते, की ‘ओढ्यापाशी थांबली’ हे शब्द ऐकले की त्याने अकरावी स्लाइड आणायची. त्यासाठी ‘११’ टंकून एंटर दाबले की पुरते. भाषणाची प्रत आम्ही १८ अंकी अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला छापली आणि प्रत्येक टप्पा नव्या पानावर सुरू केला. सिस्टरांनी एक प्रत पर्समध्ये ठेवली, दुसरी मुलीकडे दिली. मंडपात वारा सुटला तेव्हा मुलीकडचीच प्रत कामाला आली.