अफवेचा खुलासा करणारं कॅरोसेल: या चुका टाळा

आर्वी तालुक्यातल्या एका लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल डिसेंबरच्या थंडीत बाटलीतच थिजलं. कुणीतरी फोटो काढला आणि "गोठलं म्हंजे पामतेल हाय न भाऊ" असं गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागलं. घाणेवाल्या भाऊंनी खुलासा करायला मला सांगितलं. माझं पहिलं कॅरोसेल, म्हणजे एकामागून एक सरकवायच्या स्लाइड्सची पोस्ट, चुकलं.

पहिल्याच स्लाइडवर मी लाल मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आमच्या तेलात पामतेल?" उत्तर पुढच्या स्लाइडवर होतं. पण आपल्याकडे कॅरोसेल सबंध फिरत नाही, एका स्लाइडचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. तसाच तो गेला आणि अफवेवर घाण्याचा लोगो लागला. म्हणून प्रत्येक स्लाइड एकटी वाचली तरी खरी माहिती कळली पाहिजे. दुसऱ्यांदा पहिल्या स्लाइडवर लिहिलं: "शेंगदाणा तेल थंडीत थिजतं. आमच्या घाण्यावर फक्त शेंगदाणाच पिळतात." खाली तारीख आणि फोन नंबर.

दुसरी चूक म्हणजे खरं तेही नाकारणं. तेल थिजलं होतंच, लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते दुसऱ्या स्लाइडवर सरळ मान्य केलं. तिसऱ्या स्लाइडवर एकाच बाटलीचे दोन फोटो टाकले, पहाटेचा गढूळ आणि दुपारी उन्हात ठेवल्यावरचा स्वच्छ. पण त्यावर "हाच शुद्धतेचा पुरावा" असं लिहू नका. पामोलीनही थंडीत गढूळ होतं आणि उबेला पातळ होतं, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवून भेसळ कळत नाही. या फोटोंवरून तेल का थिजलं एवढंच कळतं.

भेसळीचं उत्तर प्रयोगशाळेचा अहवालच देतो. त्यात बेलिअर चाचणीचा आकडा असतो, म्हणजे तेलावर रसायनांची प्रक्रिया करून ते थंड करताना किती अंशांना गढूळ होतं तो. शेंगदाणा तेलासाठी तो 39 ते 41 अंश सेल्सिअस असावा लागतो. अख्खा अहवाल बारीक अक्षरांत चिकटवला तर मोबाइलवर कुणी वाचत नाही. तेवढी ओळ मोठी करा, शेजारी बॅच नंबर आणि नमुना दिल्याची तारीख लिहा. अहवाल त्या नमुन्यापुरताच बोलतो, म्हणून ज्या बॅचबद्दल ओरड आहे तिचीच सीलबंद बाटली द्या. जुना अहवाल दाखवला की शंका वाढते.

भाषेचंही तसंच. भाऊंच्या मसुद्यात "आमची प्रगती न बघवणारे" होते, ते मी काढायला लावलं. विचारणारी बहुतेक आपली गिऱ्हाइकंच असतात, त्यांना ते टोमण्यासारखं लागतं. "शंभर टक्के शुद्ध", "आईशप्पथ" हेही काढलं. शेवटच्या स्लाइडवर उरलं एवढंच: "घाणा सकाळी 8 ते 12 चालू असतो. येऊन बघा. आमची बाटली थिजली असेल तर घेऊन या, तुमच्यासमोर उन्हात ठेवू."

तीच स्लाइड छापून भाऊंनी बाजाराच्या दिवशी दुकानात लावली.