हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका: शाळेच्या कॅन्टीन समितीला आहारतज्ज्ञाचं पत्र

समितीच्या सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार,

दुसरीतल्या ज्या मुलीला मधल्या सुट्टीनंतर इस्पितळात न्यावं लागलं, ती आता बरी आहे. तिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे हे शाळेला माहीत होतं, कॅन्टीनलाही माहीत होतं. तिला कुणी दूध, दही, पनीर दिलेलं नव्हतं. तरीही दूध तिच्या पोटात गेलं. ते कसं गेलं हे शोधायला मी दोन दिवस कॅन्टीनमध्ये बसले. जे सापडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण यातली प्रत्येक चूक चांगल्या हेतूने झालेली आहे आणि म्हणूनच ती पुन्हा होऊ शकते.

ती रोज साधे मीठवाले बटाट्याचे वेफर्स घ्यायची. त्या दिवशी ते संपले होते. कॅन्टीनच्या काकांनी त्याच कंपनीचं टोमॅटोच्या चवीचं अगदी छोटं पाकीट दिलं. त्यांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला होता. टोमॅटो आणि बटाटा, यात दूध कुठून येणार, असं कुणालाही वाटेल. वीसेक मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि उलट्या सुरू झाल्या.

पहिली चूक ठिपक्याची. हिरवा ठिपका एवढंच सांगतो की पदार्थात मांस, मासे, अंडं नाही. आपल्या नियमांत दूध शाकाहारी आहे, त्यामुळे दुधाची भुकटी घातलेला पदार्थही हिरवा ठिपकाच मिरवतो. दुधाच्या अ‍ॅलर्जीसाठी या खुणेचा काडीचाही उपयोग नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला ती थोडी मदत करते, पण त्याच यंत्रावर आधी अंड्याचा केक झाला होता का, हे तीही सांगत नाही.

आता टोमॅटोच्या चवीत दूध का असतं ते पाहा. वेफर्सवर भुरभुरलेला मसाला म्हणजे निव्वळ मिरची-मीठ नसतं. आंबटपणा गोलाईने जिभेवर यावा, चव जरा भरीव लागावी, भुकटीचं आकारमान वाढावं म्हणून त्यात पुष्कळदा दुधाची भुकटी, चीजची भुकटी किंवा व्हे पावडर मिसळतात. व्हे म्हणजे चीज करताना उरणारं दुधाचं पाणी, ते वाळवून केलेली पावडर. म्हणून नुसता ‘मिल्क’ हा शब्द शोधणं ही दुसरी चूक. व्हे, केसीन, सोडियम केसिनेट, मिल्क सॉलिड्स, बटरमिल्क पावडर, तूप ही सगळी दुधाचीच नावं आहेत. उलट लॅक्टिक अ‍ॅसिड या शब्दाने घाबरू नका, ते बहुधा दुधापासून बनवलेलं नसतं. आणि ‘लॅक्टोज फ्री’ दूध या मुलीला चालत नाही. त्यातली साखर मोडलेली असते, पण अ‍ॅलर्जी साखरेची नसून प्रथिनांची आहे, आणि प्रथिनं तशीच राहतात.

तिसरी चूक मला सगळ्यांत जास्त खटकली, कारण ज्यावर उत्तर लिहिलेलं असतं तेच आपण रोज कचऱ्याच्या डब्यात टाकतो. लहान पाकिटांना नियमात सूट आहे. पाकिटाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर त्यावर घटकांची यादी छापणं सक्तीचं नसतं. ती यादी मोठ्या पुड्यावर किंवा खोक्यावर असते. आपले काका खोकं सकाळीच फोडतात, पाकिटं तारेला टांगतात आणि खोकं भंगारात जातं. दहा वाजता मुलगी विचारते, ‘काका, यात दूध आहे?’ तेव्हा उत्तर देणारा पुठ्ठा आवारात उरलेलाच नसतो. मी भंगाराच्या ढिगातून त्या दिवशीचं खोकं काढलं. घटकांत ‘मिल्क सॉलिड्स’ होतं आणि खाली अ‍ॅलर्जीच्या ओळीत दूध स्पष्ट लिहिलेलं होतं.

ती खालची ओळ आधी वाचा, यादी नंतर. लेबलिंगच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्यं, झिंगे-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट यांचा वेगळा उल्लेख करावा लागतो. या यादीत तीळ नाहीत, मोहरीही नाही. आपल्याकडे जत्रेची खाजी कॅन्टीनमध्ये येतात, त्यांवर तीळ असतात. तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी रिकामी ओळ म्हणजे सुरक्षित पदार्थ असं समजू नये, घटकांची यादी वाचायलाच हवी.

‘मे कंटेन’ म्हणजे अंश असू शकतो, या ओळीला कंपनीने स्वतःचा बचाव केला असेल असं म्हणून सोडू नका. एकाच पट्ट्यावरून आधी काजूचं फरसाण आणि मग साधी शेव गेली, की शेवेत काजूचा चुरा येतोच. आणि ही ओळ नसली म्हणजे मिसळ झालीच नसेल, असंही नाही. ज्या मुलाला गंभीर त्रास झालेला आहे त्याच्यासाठी शंका असलेला पदार्थ नकोच.

आता काय करायचं ते. काउंटरमागे एक वही ठेवा. नवं खोकं आलं की घटकांचा आणि अ‍ॅलर्जीच्या ओळीचा भाग कात्रीने कापून वहीत चिकटवा, वर तारीख, चव आणि बॅच क्रमांक लिहा. कंपनी तीच असली तरी चव बदलली की नवीन पान. चव तीच असली तरी प्रत्येक नव्या खोक्याची ओळ जुन्या पानाशी ताडून पाहा, कारण कंपन्या न सांगता घटक बदलतात. लेबल बहुधा इंग्रजीत असतं, म्हणून काकांसाठी त्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘दूध आहे’ किंवा ‘दूध लिहिलेलं नाही’ एवढं लिहा. दुसरं वाक्य मुद्दाम तसं आहे, ‘दूध नाही’ असं आपण खात्रीने म्हणू शकत नाही.

अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी बदली पाकीट नको. त्याचं ठरलेलं पाकीट संपलं तर संपलं असं सांगायचं आणि केळं द्यायचं. सुटं फरसाण बरणीतून देताना एकच चमचा सगळ्या बरण्यांत फिरतो, तेव्हा या मुलांना सुटं काहीच देऊ नये.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. शाळांसाठीच्या २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. वेफर्सची ती तार मुळात तिथे असावी का, हे समितीने ठरवावं.

पुन्हा कधी असं झालंच तर अंगावरच्या गांधींबरोबर उलट्या, घोगरा आवाज, धाप किंवा गुंगी दिसली की गोळी देऊन वाट पाहू नका. मुलाला आडवं झोपवा, पाय थोडे उंच करा. धाप लागली असेल तर टेकवून बसवा. उभं करू नका, चालवू नका. १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर त्यांनी शिकवल्याप्रमाणे तेच आधी द्या. बरं वाटलं तरी इस्पितळात न्याच, काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी कॅन्टीनमध्ये येते. तोपर्यंत एकही खोकं भंगारात देऊ नका. काकांबरोबर बसून वहीची पहिली पानं मी स्वतः चिकटवीन.

आपली नम्र,
शाळेची आहारतज्ज्ञ, फोंडा