लिरिक व्हिडिओत ओळी गाण्याच्या पुढे-मागे पळतात? या चुका टाळा

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की नागपुरात नव्या भीमगीतांचे लिरिक व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. दीक्षाभूमीच्या स्तूपाचे फोटो, मागे गाणं आणि खाली ओळी. फोटो छान असतात, आवाज छान असतो, पण दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ओळ एकीकडे आणि गायक दुसरीकडे, असं होतं. गायकाच्या मेहनतीवर पाणी पडतं, म्हणून हे नीट करायलाच हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चुकलेली ओळ दिसली की लगेच ती एकटी सरकवणं. आधी तीन ठिकाणी फरक मोजा: पहिली ओळ, मधली आणि शेवटची. फरक तिन्हीकडे सारखा आहे, वाढत जातो, की एका जागेनंतर अचानक उडी मारतो, यावरून कारण कळतं.

इंदोऱ्यातल्या एका पोराने असाच व्हिडिओ दाखवला. म्हणाला, “भाऊ, सुरुवातीले बरोबर हाय, मंग ओळी लवकर येतेत.” त्याचे सतरा फोटो होते आणि प्रत्येक फोटोवरच ओळ लिहिलेली. तिसऱ्या फोटोची ओळ एक सेकंद आधी येत होती, शेवटची तब्बल आठ सेकंद. फरक वाढत जाणारा. कारण फोटोंच्या जोडांमध्ये होतं. त्याने प्रत्येक जोडावर अर्ध्या सेकंदाचं ट्रान्झिशन टाकलं होतं. अनेक ॲपमध्ये ट्रान्झिशन टाकलं की पुढचा फोटो मागच्यावर तेवढा चढतो आणि त्यानंतरचं सगळं अर्धा सेकंद आधी सरकतं. सोळा जोड, म्हणजे आठ सेकंद. फोटोची लांबी वाढवून हे जुळवत बसू नका. ओळी फोटोवर लिहूच नका. फोटोंचा ट्रॅक खाली, ओळींचा ट्रॅक वर, स्वतंत्र. मग फोटो कितीही हलवा, ओळ गाण्यालाच धरून राहते.

ओळी उलट मागे पडत जात असतील, तर एमपी३ फाइलवर संशय घ्या. बिटरेट बदलता असलेल्या फाइलमध्ये काही प्लेअर वेळेचा निव्वळ अंदाज लावतात आणि त्या आकड्यांवरून लावलेल्या ओळी भरकटतात. गाणं आधी डब्ल्यूएव्ही करून घ्या आणि वेळा त्याच फाइलवर नोंदवा:

```
ffmpeg -i gane.mp3 -ar 48000 gane.wav
```

अचानक उडी असेल तर कारण सोपं आहे: वेळा एका फाइलवर नोंदवल्या आणि व्हिडिओत दुसरी टाकली, जिच्यात मधलं संगीत कापलंय किंवा धृवपद एकदा कमी आहे. उडीच्या जागेपासून पुढच्या ओळी एकत्र निवडून सरकवा.

त्या पोराचे ट्रॅक वेगळे केल्यावरही सगळ्या ओळी ०.३ सेकंद उशिरा येत राहिल्या. हा ब्लूटूथ इअरफोनचा प्रताप. आवाज कानात उशिरा पोचतो, म्हणून आपण खूणही उशिरा करतो. त्याच इअरफोनवर तपासलं तर सगळं बरोबरच वाटतं, म्हणून ही चूक सापडत नाही. खुणा वायरच्या इअरफोनवर करा आणि तपासणी मोबाइलच्या स्पीकरवर. शिवाय ओळ स्वराच्या ०.२ सेकंद आधी दिसली तर वाचणारा गायकासोबत सुरू होतो. म्हणून आम्ही सगळ्या ओळी ०.५ सेकंद आधी आणल्या. Aegisub या सबटायटल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी Shift Times आहे, एका फटक्यात होतं.

आता स्वर नेमका सुरू कुठे होतो, तो भाग. वेव्हफॉर्ममधला उंच डोंगर बहुतेकदा ढोलकीचा असतो, गळ्याचा नव्हे. त्यात ‘स’ किंवा ‘श’ने सुरू होणारी ओळ फसवते, कारण तो घर्षणाचा आवाज वेव्हफॉर्ममध्ये बारीक दिसतो. तिथे स्पेक्ट्रोग्राम उघडा. ‘स’ वरच्या भागात धुरकट पट्ट्यासारखा दिसतो आणि त्यानंतर स्वराच्या आडव्या रेषा सुरू होतात. खूण पट्ट्याच्या डाव्या काठावर करा.

भीमगीतांत कव्वालीची चाल असली की आणखी एक गोची होते. कोरस ओळ परत म्हणत असतो आणि मुख्य गायक त्याच्यावरच पुढची ओळ उचलतो. कोरस संपेपर्यंत जुनी ओळ ठेवली तर नवी उशिरा येते. मुख्य गायकाने उचल घेताच नवी ओळ मधोमध आणा. कोरसची ओळ लहान आणि फिकट करून वर राहू द्या, आणि कोरस थांबला की काढा.