भूकंपलहरींची आकृती काढताना या चुका टाळा

मुलांच्या वह्यांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मॅन्टल, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, वितळलेला आहे असं धरून चालणं. पुस्तकात तो लालभडक रंगवलेला असतो म्हणून तसं वाटतं. पण भूकंपाच्या एस लहरी, म्हणजे कणांना आडवं हलवत जाणाऱ्या लहरी, द्रवातून जाऊच शकत नाहीत, आणि मॅन्टलमधून तर त्या थेट २९०० किमी खोलपर्यंत जातात, म्हणजे मॅन्टल घनच आहे. लाखो वर्षांत तो हळूहळू सरकतो, पण म्हणून काही तो लाव्हा होत नाही.

दुसरी चूक, लहरी पट्टीने सरळ रेषेत काढायच्या. खाली जावं तसा मॅन्टलमध्ये वेग वाढत जातो त्यामुळे लहर वाकत वाकत परत वर येते. क्रोएशियात १९०९ च्या भूकंपानंतर भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांना हेच दिसलं, लांबच्या स्टेशनवर पी लहर, म्हणजे दाबत-ताणत पुढे जाणारी वेगवान लहर, दोनदा आली, आणि खोलवरून गेलेली लहर आधी पोचली. गावातल्या रस्त्यापेक्षा लांबच्या हायवेने आपण आधी पोचतो ना, तसंच. कवच कुठे संपतं ते यावरूनच कळलं.

आता खरी गोंधळाची जागा, छायाप्रदेश, म्हणजे जिथे लहरी सरळ पोचत नाहीत तो भाग. पी लहरी गाभ्यात अडतात असं सर्रास लिहितात. अडतात त्या एस लहरी, म्हणून साधारण १०३ अंशांच्या पलीकडे त्या सरळ पोचतच नाहीत. पी लहरी आत जातात, पण बाहेरचा गाभा द्रव असल्याने त्यांचा वेग सेकंदाला साडेतेरा किमीवरून एकदम आठ किमीवर येतो, त्या आतल्या बाजूला वळतात आणि पार १४२ अंशांच्या पुढे निघतात. म्हणजे पी चा छायाप्रदेश हा फक्त मधला पट्टा, एस चा मात्र पलीकडचा सगळा भाग. आणि हे अंश पृथ्वीच्या केंद्राशी मोजायचे, भूकंपाच्या ठिकाणी कोनमापक ठेवून नाही! आकृती तपासायची तर जमिनीवरचं अंतर १११ ने भागा. स्टेशन १२,५०० किमीवर असेल तर साधारण ११३ अंश, म्हणजे तिथे सरळ आलेली पीही नको आणि एसही नको.

पण हा पट्टा अगदी कोराही समजू नका. १९२९ मध्ये न्यूझीलंडला मोठा भूकंप झाला तेव्हा पट्ट्यातल्या रशियातल्या स्टेशनांवर बारीक पी लहरी उमटल्या, नुसता द्रव गाभा धरला तर त्यांचा नीट हिशोब लागेना. डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये सांगितलं की गाभ्यात अजून एक गाभा आहे, तिथून या लहरी वळून येतात. मला हा शोध फार आवडतो, कारण इतरांनी बाजूला ठेवलेल्या बारीकशा रेघा त्यांनी सोडल्या नाहीत. फक्त उत्तरात "लेहमन यांनी आतला गाभा घन असल्याचं सिद्ध केलं" असं लिहू नका, त्यांनी वेगळा थर दाखवला, तो घन आहे हे नंतरच्या लोकांनी ठरवलं.